मर्ज करताना गिट तिसरी प्रत कुठून आणतं?

“एकाच फाईलला दोघांनी हात लावला की कॉन्फ्लिक्ट येतो.” गेल्या आठवड्यात टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने हे वाक्य अगदी खात्रीने म्हटलं, आणि मला माझी सात आठवडे चाललेली ब्रँच आठवली. तेव्हा मीही हेच समजत होतो. पण एक फाईल दोघांनी बदलली तरी गिट बहुतेक वेळा निमूटपणे दोन्ही बदल जोडून टाकतं. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

समजा, माझ्या ब्रँचमध्ये एका ओळीत डिलिव्हरीचा दर 40 आहे आणि मेनमध्ये 50. नुसत्या या दोन प्रती समोर ठेवल्या तर दर कोणी बदलला हे सांगताच येत नाही. मेनवाल्यांनी 40 चे 50 केले असतील, किंवा मी 50 चे 40. म्हणून गिट तिसरी प्रत शोधतं: दोन्ही फांद्या जिथून फुटल्या तो शेवटचा सामायिक कमिट. त्याला मर्ज-बेस म्हणतात. तिथे 40 असेल, तर माझी बाजू जागची हललेली नाही आणि मेनची हलली आहे, म्हणून 50 घ्यायचे. एकच बाजू बदलली असेल तर तिचं ऐकायचं, दोघांनी सारखाच बदल केला असेल तर प्रश्नच नाही. दोघांनी एकाच जागी वेगवेगळे बदल केले, तरच गिट थांबून माणसाला विचारतं. मधे एकही न बदललेली ओळ नसलेल्या लागून-लागूनच्या ओळीही त्याला एकच जागा वाटतात.

ही तिसरी प्रत आपल्यालाही दिसू शकते, पण ती मागावी लागते:

```
git config --global merge.conflictStyle diff3
```

मग कॉन्फ्लिक्ट असा दिसतो:

```
<<<<<<< HEAD
    return 40 + packing
||||||| 8c1f2ab
    return 40
=======
    return 50
>>>>>>> origin/main
```

मधली ओळ वाचली की उत्तर समोर येतं. मी पॅकिंगचा खर्च जोडला, मेनने दर वाढवला, म्हणून `return 50 + packing`. मधली ओळ नसती तर घाईत मी एक बाजू निवडली असती आणि दुसऱ्याचं काम पुसलं गेलं असतं.

आता सात आठवड्यांचं गणित पाहा. सिंक केलं नाही तर बेस सात आठवडे जुनाच राहतो, आणि त्यानंतर दोन्हीकडे झालेला प्रत्येक बदल एकाच दिवशी समोरासमोर येतो. माझ्या बाबतीत मेनवर कोणीतरी एका मोठ्या फाईलवर फॉरमॅटर चालवला होता. अर्थ तोच, पण जवळजवळ प्रत्येक ओळ “बदललेली”. त्यात माझे खरे बदल शोधायला दोन दिवस गेले. फॉरमॅटिंग आणि फंक्शनचं नाव बदलणं वेगळ्या, छोट्या कमिटमध्ये थेट मेनवर जावं आणि सगळ्यांनी ते लगेच ओढून घ्यावं, हे मी तेव्हा शिकलो. शुक्रवारी मर्ज नको असं मानणारी मंडळी भेटतात, पण वाराचा याच्याशी काही संबंध नाही. बेस किती मागे राहिलाय, ते बघायचं.

रोज मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज केला की बेस पुढे सरकतो आणि कालचा सोडवलेला गुंता आज पुन्हा येत नाही. एका ठिकाणी मात्र लोक हमखास फसतात. मेन आणताना `--squash` वापरला, तर मजकूर येतो पण नव्या कमिटला मेनचा धागा जोडला जात नाही. बेस जुनाच राहतो आणि तेच कॉन्फ्लिक्ट परत परत दिसतात. सिंकच्या आधी आणि नंतर हे चालवून पाहावं:

```
git merge-base HEAD origin/main
```

मेनवर नवे कमिट असूनही दोन्ही वेळा तोच हॅश आला, तर बेस हललेला नाही.

काही फाईल्स मात्र रोज सिंक करूनही भांडतात: राउट्सची यादी, भाषांतरांची फाईल. सगळे शेवटच्याच ओळीखाली भर घालतात, म्हणजे जागा एकच. यादी वर्णानुक्रमे ठेवली की भर विखुरते. अशा फाईलला मालक असलेला बरा. गिटहबवर `CODEOWNERS` मध्ये एक ओळ लिहिली की त्या फाईलच्या पुल रिक्वेस्टवर त्या टीमला आपोआप रिव्ह्यूसाठी बोलावलं जातं. मग एकाच वेळी तीन जण तीच यादी हलवताहेत हे मर्जच्या आधीच कोणाच्या तरी लक्षात येतं.

यातल्या कशानेही न पकडली जाणारी एक चूक उरतेच. मेनवर एका फंक्शनने पैशांऐवजी रुपये घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या ब्रँचमधल्या नव्या फाईलने त्याला पैसेच पाठवले. ओळी वेगळ्या, फाईल्स वेगळ्या, मर्ज बिनबोभाट झाला आणि बिल शंभर पट आलं. गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. म्हणून प्रत्येक सिंकनंतर टेस्ट चालवायच्या. रोजच्या सिंकनंतर टेस्ट पडली, तर मेनवरचे कालपासूनचे चार-पाच कमिट तपासले की पुरतं.