एग फ्रीझिंग: कागदपत्रं, इंजेक्शनची वेळ आणि बीजांचा खरा हिशेब

आयव्हीएफ केंद्रात समुपदेशक म्हणून बसते, त्यामुळे कोण कशावरून परत जातं ते रोज दिसतं. वयात बसत नाही म्हणून परत जाणाऱ्या फार थोड्या. 2021 च्या एआरटी, म्हणजे सहाय्यित प्रजनन कायद्याप्रमाणे 21 च्या पुढची आणि 50 च्या आतली बाई आपली स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवू शकते, लग्न झालेलं असो वा नसो. केंद्र नोंदणीकृत आहे ना, एवढं आधी विचारा.

अडतं ते नावावर. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं आणि संमतीपत्रावर घाईत केलेली तिसरीच सही. कारकून परत पाठवतो तेव्हा रागच येतो, आणि तो सांगतो ते "जुळत नाही" एवढ्या दोन शब्दांत. पण ही बीजं आठ वर्षांनी त्याच नावावर परत मागायची आहेत. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, नाहीतर आधी आधार दुरुस्त करा. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या केंद्र करून घेतंच.

दुसरी गफलत मुदतीची. पन्नाशीपर्यंत बीजं ठेवता येतात असं अनेकींना वाटतं. पन्नास ही उपचाराची वयोमर्यादा आहे. साठवणुकीची मुदत केंद्रं 10 वर्षंच धरतात. 31 व्या वर्षी ठेवलीत तर 41 पर्यंत निर्णय हवा. आणि अविवाहित असाल तर बीजं साठवता येतात, पुढे दात्याचे शुक्राणूही घेता येतात, पण सरोगसी मिळत नाही. एकट्या बाईसाठी ती फक्त विधवा किंवा घटस्फोटित असेल तरच, तेही 35 ते 45 या वयात.

आता हार्मोन्स. दर महिन्याला अंडाशयात बरेच फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या छोट्या पिशव्या, वाढायला लागतात, एक पुढे जातो, बाकीचे विरून जातात. एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनची इंजेक्शनं त्या विरणाऱ्यांना वाढवतात, म्हणून "पुढची बीजं आत्ताच संपतील" ही भीती बाळगू नका. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात होते. हे दिवस नीट रक्तस्राव सुरू झाल्यापासून मोजायचे, आदल्या दिवशीचा डाग धरायचा नाही. साधारण 10 ते 12 दिवस पोटावर टोचायचं, मधे सोनोग्राफी, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीज आपोआप सुटू नये म्हणून आणखी एक इंजेक्शन.

दोन-तीन फॉलिकल 18 मिमीच्या आसपास गेले की शेवटचं ट्रिगर इंजेक्शन. बीज त्यानेच पक्व होतं, आणि सुमारे 36 तासांनी ते काढतात. एकीची बीजं रविवारी दुपारी साडेबाराला काढायची होती. तिच्या कागदावर लिहिलं होतं: शनिवार, रात्री 12.30. तिने शनिवार संपताना घ्यायचं ठरवलं. रात्री बाराला वार बदलतो, म्हणजे घ्यायचं होतं शुक्रवारी झोपायच्या आधी. नशीब, शुक्रवारी संध्याकाळी तिने सहज फोन केला. ते इंजेक्शन एक दिवस चुकलं असतं तर रविवारी कच्ची बीजं हाती आली असती. तेव्हापासून मी कागदावर "शुक्रवारी जेवणानंतर, झोपण्याआधी" असं हातानेच लिहून देते. छापील फॉर्म काही बदलत नाही.

बीजं काढताना गुंगी देतात, पंधरा-वीस मिनिटांत होतं. नंतर पोट फुगतं, ते चालतं. पण वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा. अंडाशय जास्त उत्तेजित झाल्याची ही लक्षणं. एएमएच, म्हणजे बीजांचा साठा दाखवणारं हार्मोन, जास्त असणाऱ्यांना हा धोका अधिक.

आता जो आकडा सगळ्या चुकीचा वाचतात. "माझी बारा निघाली!" असं सांगतात, विचारायचं असतं ते पक्व किती. 37 वर्षांच्या बाईचा हिशेब मांडून बघू. बारा निघाली, पक्व नऊ. गोठवतात तेवढीच. वितळवल्यावर आठ टिकली, शुक्राणूशी मीलन होऊन पाच-सहा फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ पोचले. या वयात त्यातल्या साधारण निम्म्यांची गुणसूत्रं बरोबर असतात, म्हणजे हाती एखादा. तो रुजेलच असं नाही. मूल होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास येते. बत्तिसाव्या वर्षी तेवढ्याच बीजांचा हिशेब बराच चांगला निघतो, चाळिशीत बराच वाईट. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केंद्राने 2022 मध्ये आपल्या 543 जणींचा अभ्यास छापला. गोठवतानाचं सरासरी वय 38 होतं आणि मूल झालं 39 टक्क्यांना. अडतिशीच्या आत गोठवून वीस किंवा जास्त बीजं वितळवणाऱ्यांत हे प्रमाण 70 टक्के होतं. म्हणून पस्तिशीनंतर एका फेरीत भागत नाही, दोन फेऱ्यांचा खर्च आधीच धरा.

निघताना पक्व बीजांची संख्या, तारीख आणि साठवणुकीची मुदत असलेलं पत्र मागून घ्या. संमतीपत्रात तुमच्या पश्चात बीजांचं काय करायचं तो रकाना भरलेला आहे ना बघा, तो कोरा राहतोच. आणि मोबाइल नंबर बदललात तर केंद्राला कळवा; वार्षिक शुल्काची आठवण जुन्या नंबरवर जात राहते, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो.