सिंकजवळचा एक्स्टेंशन बोर्ड आणि न पडणारी एमसीबी

रामबागेत माझी मावशी राहते, तिच्याकडे मागच्या थंडीत पाहुणे जमले होते. पोहे-जिलेबी बाहेरून आली पण चहा आणि चटणी घरचीच पाहिजे, त्यामुळे सकाळी आठ वाजता ओट्यावर एकाच एक्स्टेंशन बोर्डात किटली, इंडक्शन आणि मिक्सर असे तीन प्लग, आणि बोर्ड कुठे तर सिंकच्या कडेला, भांडी निथळायच्या जाळीला टेकून. मी पाणी प्यायला आत गेलो तर मासळीसारखा वास. आता हे घर असं की तिथे अंडंसुद्धा येत नाही, म्हणून मावशी खिडकी उघडून शेजाऱ्यांना नावं ठेवत होती, आणि वास येत होता बोर्डच्या प्लगमधून.

हा वास लक्षात ठेवा. प्लग आणि सॉकेटचं कडक प्लॅस्टिक जास्त तापलं की बरेचदा असाच कुजक मासळीचा वास येतो, धूर त्यानंतर.

मेन स्विच बंद करून प्लग उपटला तर एक पिन तपकिरी झालेली, आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक दुधावरच्या जळक्या सायीसारखं पिवळं. मावशीचं म्हणणं एकच, "अरे पण एमसीबी कुठे पडली? लोड जास्त असता तर पडली असती ना!" नंतर आलेला इलेक्ट्रिशियनही तेच म्हणाला, "एमसीबी तो गिर नहीं रही, सब ठीक है." मी इलेक्ट्रिकलचा असल्यामुळे मला इथेच बोलावं लागलं, कारण हा गैरसमज जवळपास प्रत्येक घरात आहे.

हिशोब करून बघू. किटली 1500 वॉट, म्हणजे 230 व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर. इंडक्शन 1600 वर होतं, ते सात. मिक्सर 500 वॉटचा, सव्वादोन. एकूण पावणेसोळा अँपिअर. बोर्ड उलटा केला तर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, 6 अँपिअर. म्हणजे नुसती किटली लावली तरी बोर्ड आपल्या मर्यादेच्या बाहेर गेलेला, बाकीचं सोडूनच द्या. पण भिंतीवरचं सॉकेट मोठं, 16 अँपिअरचं, ज्यात छोटा प्लगही बसतो, आणि त्या लाइनला एमसीबी 20 ची. ती पावणेसोळाला का पडेल? तिला भिंतीतल्या जाड वायरीची राखण करायला बसवलंय. भिंतीच्या बाहेर तुम्ही करंगळीपेक्षा बारीक केबलचा बोर्ड लावलाय हे तिला कळायला काही मार्गच नाही. आणि 20 च्या वर गेलं की लगेच पडते असंही नाही, थोडंसंच जास्त असेल तर तासभरसुद्धा तशीच उभी राहू शकते.

आता उष्णतेची गंमत अशी की करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. 6 च्या जागी पावणेसोळा म्हणजे केबलमध्ये जवळजवळ सातपट उष्णता. केबल मोकळी पसरलेली असेल तर काही वेळ निभावतं, पण मावशीने ती नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून रबर लावलं होतं, मग आतल्या वेढ्यांची उष्णता जाणार कुठे.

पण खरी जळण्याची जागा केबल नाही, जिथे पिन सॉकेटमध्ये बसते ती आहे. आतल्या पितळी पट्ट्या स्प्रिंगसारख्या पिनला चिमटून धरतात. वापरून त्या ढिल्या होतात, मग पिन पूर्ण टेकत नाही आणि तिथे थोडासा रेझिस्टन्स तयार होतो, समजा एक दशांश ओहम. ऐकायला काहीच नाही, पण पावणेसोळा अँपिअरला तिथे जवळपास 25 वॉट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॉटची असते! म्हणजे प्लगच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. त्या तापाने पट्टी आणखी ढिली होते, धातूवर काळा थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो, अजून तापते, आणि हे चक्र चालूच. म्हणून काल चाललं म्हणजे आज चालेल असं इथे नसतं. प्लग सैल बसत असेल, चर्रचर्र आवाज येत असेल, किंवा दहा-पंधरा मिनिटं चालवून स्विच बंद करून काढल्यावर पिना चटका देत असतील तर ते सॉकेट बदलायचंच.

हे झालं आगीचं. शॉकचा विषय वेगळा आहे आणि तिथे एमसीबीचा काही उपयोगच नाही. मावशी सहज बोलून गेली की किटलीला हात लावला की कधीकधी झिणझिणतं, म्हणून ती चप्पल घालून चहा करते. चप्पल घातल्यावर पायातून जमिनीकडे जायचा रस्ता बराच बंद होतो हे बरोबर, पण एक हात किटलीवर आणि दुसरा स्टीलच्या सिंकवर किंवा नळावर गेला की करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाणार, मधे छाती, हृदय. ओल्या हातांनी शरीराचा रेझिस्टन्स हजारेक ओहमपर्यंत उतरू शकतो, मग 230 व्होल्टला 0.23 अँपिअर. माणसाचा जीव जायला हे पुरेसं, आणि 20 च्या एमसीबीच्या दृष्टीने हे 60 वॉटच्या बल्बएवढंही विशेष नाही.

किटली झिणझिणायचं कारण बोर्डातच सापडलं. तीन पिनचा प्लग बसत नाही म्हणून दोन पिनचा अडॅप्टर लावलेला, म्हणजे वरची जाडी लांब पिन, अर्थिंगची, कुठेच जोडलेली नाही. ती पिन लांब ठेवतात ती उगाच नाही, प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून.

मग आम्ही काय केलं तर किटली आणि इंडक्शन यांना भिंतीवरची आपापली 16 ची सॉकेटं, सिंकपासून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, इतकी लांब की एक हात नळावर ठेवून दुसरा पोचत नाही. एक्स्टेंशन स्वयंपाकघरातून हद्दपार. आणि किचनच्या लाइनला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी. ही गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करते, फरक 0.03 अँपिअरच्या आसपास गेला की सेकंदाच्या लहानशा हिश्श्यात लाइन तोडते, कारण तो फरक कोणाच्या तरी अंगातून जात असू शकतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर तिला फरकच दिसणार नाही, तिथे ती वाचवत नाही. तिच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खट करून पडली पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी फोन, "तुझं ते यंत्र सारखं पडतंय, इलेक्ट्रिशियन म्हणतो काढून टाकतो." हे फार घरांत होतं आणि लोक खरंच काढून टाकतात. विचारलं कधी पडते, तर मिक्सरला नाही, किटलीला नाही, फक्त सिंकवरचा दिवा लावला की. उघडून बघितलं तर त्या दिव्याचा फेज किचनच्या लाइनचा आणि न्यूट्रल हॉलच्या लाइनवरून घेतलेला, कोणीतरी वायर वाचवली होती. करंट आरसीसीबीतून जायचा आणि भलत्याच वाटेने परत यायचा, ती बिचारी बरोबरच पडत होती. अडीच मीटर वायर नवीन टाकली, तेव्हापासून टेस्ट बटणाशिवाय पडलेली नाही.