ट्रायलच्या वेळी कापला जाणारा एक डॉलर जातो कुठे?

एखाद्या सेवेची मोफत ट्रायल सुरू करायला कार्ड जोडलं की बँकेचा मेसेज येतो: एक डॉलर वजा. काही दिवसांत ती नोंद गायब होते आणि महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये शोधूनही सापडत नाही. पैसे परत आले म्हणावं, तर परताव्याचीही नोंद नसते. कारण ते खात्यातून गेलेलेच नसतात. बँकेने ते फक्त अडवून ठेवलेले असतात.

कार्डाच्या व्यवहारात दोन टप्पे असतात. आधी बँक ‘या कार्डावर एवढी रक्कम चालेल’ असं सांगते, ते ऑथोरायझेशन. पैसे प्रत्यक्ष हलतात ते नंतर, सेटलमेंटमध्ये. ही फोड कागदी पावत्यांच्या काळातली आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँकअमेरिकार्ड सुरू झालं, तेव्हा दुकानदार कार्डाचा छाप कार्बनच्या पावतीवर घ्यायचा आणि पावत्या बँकेत भरायचा. ठरावीक मर्यादेच्या आतली खरेदी न विचारता व्हायची. त्यावरच्या रकमेसाठी दुकानदार आपल्या बँकेला फोन करायचा, ती बँक गिऱ्हाइकाच्या बँकेला, आणि तोवर गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभं. १९७३ मध्ये डी हॉक यांच्या नेतृत्वाखालच्या नॅशनल बँकअमेरिकार्ड या संस्थेने (हीच पुढे व्हिसा झाली) ‘बेस वन’ ही संगणकीय यंत्रणा सुरू केली आणि तोच प्रश्न तारेवरून जाऊ लागला.

ट्रायलच्या एका डॉलरचं मूळ इथेच आहे, असं मला वाटतं. फोनवर काय किंवा तारेवर काय, प्रश्न एकच होता: या कार्डावर अमुक रक्कम चालेल का? ‘कार्ड चालू आहे का, एवढंच सांगा’ असं विचारायची सोय सुरुवातीला नव्हतीच. मग रक्कम आधी माहीत नसलेल्यांनी पळवाट काढली. अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर गाडीत किती इंधन भरलं जाईल हे कार्ड सरकवताना कळत नाही, म्हणून तिथे एका डॉलरचं ऑथोरायझेशन घेण्याची पद्धत रुळली. इंटरनेटवर विक्री सुरू झाली तेव्हा ट्रायलवाल्यांचीही अडचण तशीच होती. कार्डक्रमांकाचा शेवटचा अंक गणिताने तपासता येतो, पण त्यातून क्रमांक टाइप करताना चूक झाली का एवढंच कळतं. कार्ड खरंच दिलेलं आहे का, बंद झालंय का, हे फक्त ते देणारी बँक सांगू शकते. मग तिला एका डॉलरच्या निमित्ताने विचारायचं.

समजा खात्यात ५० डॉलर आहेत. कार्ड जोडताच सेवेकडून 0100 या प्रकारचा संदेश बँकेकडे जातो: १ डॉलर चालेल का? बँक होकार देते आणि तेवढी रक्कम राखून ठेवते. शिल्लक ५० डॉलरच राहते, वापरता येण्याजोगी रक्कम मात्र ४९ होते. मेसेज पाठवणारी यंत्रणा हा फरक बहुधा करत नाही, म्हणून तिथे सरळ ‘वजा’ असं येतं. सेवेला हवं ते उत्तर मिळालेलं असतं. ती रिव्हर्सलचा, म्हणजे 0400 प्रकारचा, संदेश पाठवते आणि राखलेला डॉलर मोकळा होतो.

उशीर होतो तो या शेवटच्या पायरीवर. काही सेवा रिव्हर्सल पाठवतच नाहीत. कधी पाठवलेला संदेश मूळ मागणीशी जुळवता येत नाही. मग मुदत संपेपर्यंत बँक रक्कम धरून ठेवते. ही मुदत बँकेनुसार बदलते, साधारण आठवडाभर धरायला हरकत नाही. क्रेडिट कार्डावर त्याने फारसं बिघडत नाही. डेबिट कार्डावर आपले स्वतःचे पैसे अडतात, आणि खात्यात मोजकीच रक्कम असेल तर तो एक डॉलरही जाचतो.

पुढे कार्ड नेटवर्कांनी शून्य रकमेची तपासणी आणली. आता रक्कम न अडवताही कार्ड चालू आहे का हे विचारता येतं. पण सगळ्याच बँका तिला नीट उत्तर देत नाहीत, काही शून्य रकमेला थेट नकार देतात. त्यामुळे काही सेवा आधी शून्याने विचारतात आणि नकार आला की एका डॉलरवर येतात. जुनी रीत अजून टिकून आहे ती यामुळे.

आपल्या खात्यात नक्की काय झालंय, हे नोंदीवरून ओळखता येतं. ती ‘पेंडिंग’ असेल तर रक्कम राखलेली आहे. ‘पोस्टेड’ झाली, तर सेवेने ती खरोखर वसूल केली आहे. मग ती आपोआप सुटणार नाही, परतावाच मागावा लागेल आणि स्टेटमेंटमध्ये वजा-जमा अशा दोन ओळी दिसतील. आपण कुठेही कार्ड जोडलेलं नसताना अशी किरकोळ नोंद दिसली, तर मात्र वाट पाहू नये. चोरलेले कार्डक्रमांक चालू आहेत का हे पाहायला भामटेही हीच युक्ती वापरतात. अशा वेळी कार्ड लगेच ब्लॉक करून बँकेला कळवावं.