पार्श्वभूमी: हॉजकिन लिम्फोमा बरा झाला, त्यानंतरचे दुसरे कर्करोग

एक्स-रे हाताळणाऱ्यांच्या हातांवर त्वचेचा कर्करोग दिसू लागला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच. पण उपचारातून होणाऱ्या दुसऱ्या कर्करोगाचा हिशेब मांडायला मुळात पहिल्या कर्करोगातून वाचलेली, पुढे तीस-चाळीस वर्षं जगणारी माणसं लागतात. अशी माणसं मोठ्या संख्येनं प्रथम मिळाली ती हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगामुळे. रुग्ण तरुण, आजार बरा होणारा आणि उपचार मात्र त्या काळचे, म्हणजे जबर.

१९६०च्या दशकात चार औषधांची ‘मॉप’ किमोथेरपी आली आणि पसरलेला आजारही निम्म्याच्या आसपास रुग्णांत कायमचा बरा होऊ लागला. त्यातली मेक्लोरेथामिन आणि प्रोकार्बाझिन ही औषधं पेशीच्या डीएनएला चिकटून तो बिघडवतात. कर्करोगाची पेशी त्यानं मरते, पण अस्थिमज्जेतली एखादी मूळपेशी बिघाड घेऊन जगते. साधारण पाच ते सात वर्षांनी रक्तपेशी कमी होऊ लागतात आणि पुढे ल्युकेमिया होतो. अशा वेळी पेशींत पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला सापडला, की संशय जुन्या औषधांवर जातो. इटोपोसाइडसारख्या औषधांनंतरचा ल्युकेमिया वेगळा: तो एक ते तीन वर्षांत येतो आणि बहुधा पूर्वसूचना देत नाही. १९७०च्या दशकात आलेल्या ‘एबीव्हीडी’ या औषधांच्या दुसऱ्या जोडणीनं मॉपची जागा हळूहळू घेतली आणि या रुग्णांतला ल्युकेमिया बराच कमी झाला.

रेडिएशनचा हिशेब मात्र उशिरा समोर आला, कारण घट्ट गाठींचे कर्करोग, म्हणजे रक्ताचे सोडून स्तनासारख्या अवयवांतले, दहा वर्षांनंतर डोकं वर काढतात. त्या काळी ‘मँटल’ क्षेत्रात मान, दोन्ही काखा आणि छातीचा मधला भाग एकत्र घेऊन ४० ग्रेच्या आसपास किरण दिले जात; ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक. तरुण मुलींचे स्तन त्याच वाटेत येत. तिशीपर्यंत उपचार झालेल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, स्तनाच्या ज्या भागाला ४ ग्रेहून जास्त किरण मिळाले तिथं कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला आणि ४० ग्रेच्या वर तो आठपटीपर्यंत गेला. याच अभ्यासात रेडिएशनशिवाय फक्त मॉपसारखी औषधं घेतलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट घटला होता. या औषधांनी बीजकोश लवकर थांबतात आणि स्तनाला मिळणारी संप्रेरकं आटतात, म्हणून.

नेदरलँड्समध्ये १९६५ ते २००० दरम्यान उपचार झालेल्यांचे आकडे २०१५ मध्ये आले. चाळीस वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ४८ टक्क्यांना दुसरा कर्करोग झाला होता. सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण १९ टक्के भरलं असतं. १९८९ नंतर उपचार झालेल्यांतही घट्ट गाठींचा धोका कमी झालेला दिसला नाही. काखा वगळून क्षेत्र आखलेल्या स्त्रियांत मात्र स्तनाचा कर्करोग स्पष्टपणे कमी होता. हे आकडे हॉजकिनच्या जुन्या उपचारांचे आहेत, सगळ्या रेडिएशनचे नाहीत. अमेरिकेतल्या २०११च्या एका विश्लेषणानुसार, रेडिएशन घेतलेल्या प्रौढांना पुढे होणाऱ्या घट्ट गाठींच्या दुसऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ८ टक्केच रेडिएशनच्या खाती जातात. बाकीच्यांमागे वय, तंबाखू, अनुवंश अशी नेहमीची कारणं असतात.

मग सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारात रेडिएशन टाळावंच का? ब्रिटनमधल्या एका चाचणीत एबीव्हीडीच्या तीन फेऱ्यांनंतर पेट स्कॅन, म्हणजे शरीरात उरलेला सक्रिय आजार दाखवणारी तपासणी, स्वच्छ आलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला ३० ग्रे दिले, दुसऱ्याला काहीच नाही. तीन वर्षांनी आजार न उलटलेले अनुक्रमे सुमारे ९५ आणि ९१ टक्के होते. जगण्यात फरक दिसला नाही. रेडिएशनवाले म्हणतात, शंभरात चार जणांचा आजार उलटतो तो याच निर्णयामुळे. त्यांना जड किमो आणि मूळपेशी प्रत्यारोपण सोसावं लागतं, ज्याच्यासोबत ल्युकेमियाचा धोकाही येतो. मुद्दा खरा आहे. पण वीस वर्षांनी येणारं नुकसान तीन वर्षांच्या आकड्यांत मोजताच येत नाही आणि वादात हे पुरेसं धरलं जात नाही. विशीतल्या मुलीच्या छातीत गाठ असेल आणि स्कॅन स्वच्छ असेल, तर रेडिएशन टाळण्याकडे कल असावा असं मला वाटतं. पन्नाशीच्या पुरुषात तोच निर्णय इतका सरळ नाही. जिथं देतात तिथंही आता फक्त बाधित गाठींपुरतं, बहुधा २० ते ३० ग्रे देतात.

जुन्या रुग्णांसाठी देखरेखीचा प्रचलित नियम असा: दहा ते तीस वर्षांच्या वयात छातीला किमान १० ग्रे मिळाले असतील, तर वयाच्या पंचविशीपासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय करायचा आणि मॅमोग्राम त्याच्या जोडीला. पंधराव्या वर्षी उपचार झालेलीची तपासणी तेविसाव्या नव्हे, पंचविसाव्या वर्षी सुरू होते. बाविसाव्या वर्षी झालेलीची तिसाव्या. अडचण कागदांची येते. १९८०च्या दशकातल्या कित्येकींकडे ‘छातीला किरण दिले’ एवढीच नोंद असते, मात्रा नाही. अशा वेळी उपचाराचं वर्ष आणि छातीवर सुईनं टोचलेल्या खुणांच्या ठिपक्यांवरून क्षेत्राचा अंदाज बांधतात आणि मँटल असल्याची शक्यता दिसली तर मात्रा पुरेशी होती असं धरूनच तपासणी सुरू करतात.