सायपॉक आराखडा (बिलिंग प्रक्रियेची व्याप्ती)

पुरवठादार, निविष्टी, प्रक्रिया, निष्पत्ती आणि ग्राहक अशा पाच रकान्यांत एखादी प्रक्रिया एका पानावर मांडण्याची पद्धत. पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला सायपॉक म्हणतात. सिक्स सिग्मा या प्रक्रिया सुधारण्याच्या पद्धतीत ती ‘डिफाइन’ या पहिल्याच टप्प्यात वापरतात. काम कुठून कुठपर्यंत सुधारायचे, हे तिच्यामुळे आधी ठरते.

रुग्णालयातील डिस्चार्ज बिलाचे उदाहरण घेऊ. ‘बिलाला पाच तास लागतात’ ही नातेवाइकांची तक्रार असते, तर बिलिंग विभागाच्या मते बिल अर्ध्या तासात होते. दोघेही खरे बोलत असतात, कारण नातेवाईक डॉक्टरांनी ‘आज घरी जा’ म्हटल्यापासून वेळ मोजतात आणि विभाग फाइल टेबलावर आल्यापासून. म्हणून रकाने भरण्याआधी दोन टोके लिहून घ्यावीत. सुरुवात : डॉक्टरांनी केसपेपरवर डिस्चार्जचा आदेश लिहिला. शेवट : रुग्णाच्या हाती गेटपास पडला. ‘रुग्ण बरा झाला’ असली सुरुवात चालत नाही. ज्या घटनेची वेळ नोंदवता येते तीच घ्यावी.

त्यानंतर मधला रकाना पाच ते सात पायऱ्यांत भरतात : वॉर्ड आदेश कळवतो, उरलेली औषधे फार्मसीला परत जातात, सर्व विभागांचे चार्जेस चढतात, बिल तपासले जाते, पैसे भरले जातात, गेटपास निघतो. पायऱ्या वीसवर गेल्या की तो फ्लोचार्ट होतो आणि बैठक तपशिलात अडकते.

मग निष्पत्ती व ग्राहक, आणि शेवटी निविष्टी व पुरवठादार. खरा उलगडा बहुधा या शेवटच्या दोन रकान्यांत होतो. ‘औषध परती’ या निविष्टीसमोर नुसते ‘वॉर्ड’ लिहून भागत नाही. परती कोणत्या पाळीची सिस्टर पाठवते आणि फार्मसीत ती कोण नोंदवते, हेही लिहावे लागते. ही नोंद उशिरा झाली की तयार झालेले अंतिम बिल पुन्हा उघडावे लागते. एकाच रुग्णाच्या बिलाच्या दोन-दोन आवृत्त्या निघत असतील, तर दोष बिलिंगमध्ये नसून आधीच्या निविष्टीत असण्याची शक्यता मोठी. ‘सिस्टीम’ हे उत्तर पुरवठादाराच्या रकान्यात मान्य करू नये. त्यामागचा माणूस किंवा विभाग शोधावा.

कॅशलेस रुग्णांसाठी वेगळे पान करावे. त्यांत टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, एकाच वेळी ग्राहकही असते (बिल व डिस्चार्ज समरी तिच्याकडे जातात) आणि पुरवठादारही (मंजुरी तिच्याकडून येते). विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये या अंतिम मंजुरीसाठी विनंती मिळाल्यापासून तीन तासांची कमाल मुदत घातली. ती वेळ रुग्णालयाच्या हातात नाही, पण अर्धवट समरी पाठवल्याने येणाऱ्या शंका टाळणे नक्कीच त्याच्या हातात आहे. म्हणून मंजुरीची प्रतीक्षा व्याप्तीबाहेर आणि कागदांची पूर्णता व्याप्तीत, अशी रेघ ओढणे सोयीचे पडते. दरपत्रक आणि थकबाकी वसुली हे विषय बैठकीत हटकून निघतात. ते ‘बाहेर’ म्हणून पानाच्या तळाशी लिहून ठेवतात आणि त्यावर प्रकल्पाच्या प्रायोजकाची सही घेतात.

सायपॉक वेळ मोजत नाही आणि कारणेही सिद्ध करत नाही. ते काम पुढच्या मोजमापाचे.