तक्त्यातला गुण आणि समासातला शेरा

दरवर्षी निबंध तपासायचे दिवस आले की स्टाफरूममध्ये तोच प्रश्न येतो: "रुब्रिक भरलंय ना, मग शेरा वेगळा कशाला?" आणि दुसऱ्या टोकाचे सहकारी म्हणतात, "मी सविस्तर शेरा देतो, मला तक्ता लागत नाही." दोघंही दोन वेगळी कामं एकाच पेनाने उरकू पाहतात. मी जळगाव जिल्ह्यात प्रथम वर्षाला धर्माचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवतो, आणि या विषयात हा घोळ जरा जास्तच महागात पडतो.

रुब्रिक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. निकष, पातळ्या, प्रत्येक खान्यात एक वाक्य, आणि निबंध लिहायच्या आधी मुलांच्या हातात दिलेला कागद. शेरा नंतर येतो, हाताने लिहिलेला असतो. तक्ता सगळ्यांना एकच, शेरा ज्याचा त्याला. इथपर्यंत कुणाचं अडत नाही. अडतं ते पुढे: एकाच खान्यात बसणाऱ्या दोन निबंधांना एकच शेरा चालत नाही. माझ्याकडचं उदाहरण सांगतो.

विषय होता: "तुमच्या घरच्या किंवा गावच्या एका धार्मिक प्रथेचं वर्णन करा आणि एमिल दर्खाइमच्या पवित्र व लौकिक या भेदाच्या आधारे तिचा अर्थ लावा." दर्खाइम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. त्याच्या मते धर्म काही गोष्टी मनाई घालून वेगळ्या राखतो, त्या पवित्र, आणि बाकी रोजच्या, त्या लौकिक. गुण 20. त्यातले 5 वर्णनाला, 8 संकल्पनेच्या वापराला, 4 आधाराला, 3 मांडणीला. श्रावण नुकताच सरला होता, त्यामुळे निम्म्या वर्गाने कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव घेतला, हे आलंच.

पहिल्या मुलीने पहिल्या परिच्छेदात भेदाची व्याख्या नीट लिहिली. मग तीन पानं कानबाईचं सुंदर वर्णन: नारळाची स्थापना, रात्रीची गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. शेवट असा: "कानबाई अत्यंत जागृत असून तिच्या कृपेने आमच्या गावात रोगराई येत नाही." दुसऱ्या मुलानेही व्याख्या लिहिली, वर्णन लिहिलं, आणि शेवट केला: "हे सर्व अज्ञानातून आले आहे. लोकांना कळत नाही की तो फक्त नारळ आहे."

तक्त्यात दोघांचेही मसुदे 8 पैकी 3 वर बसले. माझ्या तक्त्यातल्या 3-4 च्या खान्यात लिहिलंय: "संकल्पनेची व्याख्या आणि प्रथेचं वर्णन शेजारी शेजारी आहे, पण एकाने दुसऱ्याचा अर्थ लावलेला नाही." दोघांनीही नेमकं हेच केलं. एकीने वर्णनाला श्रद्धेचं कुलूप लावलं, दुसऱ्याने तुच्छतेचं. व्याख्या बिचारी पहिल्या पानावर उभीच राहिली.

इथे रुब्रिकचं खरं काम दिसतं. ते नसतं, तर काही शिक्षकांनी दुसऱ्या मुलाला "चिकित्सक" म्हणून 6 दिले असते, आणि काहींनी पहिलीला "श्रद्धापूर्ण लेखन" म्हणून. मुलाची श्रद्धा हा गुणांचा विषय नाही, आणि श्रद्धेचा अभावही नाही. म्हणूनच तक्त्यात "धर्माविषयी आदर: 2 गुण" अशी ओळ पाहिली की माझं डोकं फिरतं. आदर कागदावर मोजायचा कसा? हात जोडलेल्या वाक्यांची संख्या मोजून? निकष असा हवा, की तुम्ही आणि मी तोच निबंध वाचून त्याच वाक्यावर बोट ठेवू शकू. "भक्त जे मानतात ते आणि लेखक जे म्हणतो ते वेगळं कळतं" हा चालेल, कारण ते वाक्यात दिसतं.

आता शेरा. सोपा मार्ग म्हणजे खान्यातलं वाक्य उचलून समासात उतरवणं: "संकल्पना व वर्णन यांची जोड नाही." दोघांबाबत ते खरं आहे, आणि दोघांनाही निरुपयोगी. पहिली मुलगी समजेल, सरांना कानबाई आवडली नाही. पुढच्या वेळी ती देवीचं वाक्य खोडेल आणि बाकी निबंध तसाच ठेवेल. दुसऱ्याला वाटेल, सर श्रद्धाळू आहेत, म्हणून त्यांना हे खटकलं. शेरा वाचून दोघंही माझ्याविषयी अंदाज बांधतील, निबंधाविषयी नाही. खान्यातलं वाक्य निबंध कुठे उभा आहे ते सांगतं. शेऱ्याने त्याच निबंधातली जागा दाखवायची असते, जिथून पुढे पाय टाकता येईल. आणि ती जागा दोघांची वेगळी होती.

पहिलीला मी लिहिलं: "पान 2 वर तू सांगतेस, की रविवारी सकाळी नारळ दुकानातून पिशवीत आला, आणि संध्याकाळी त्याला धाकट्याचा पाय लागला तेव्हा आजी ओरडली. सकाळ ते संध्याकाळ नारळात काय बदललं? ते कुणी बदललं? यावर एक परिच्छेद लिही. शेवटचं वाक्य काढू नकोस, ते कोण म्हणतं तेवढं लिही."

दुसऱ्याला: "'फक्त नारळ आहे' हे दर्खाइमही मान्य करेल, त्याच्या मते पवित्रपण वस्तूत नसतं, समूह ते तिच्यावर चढवतो. मग तू जिथे थांबलास तिथून प्रश्न सुरू होतो. पान 3 वर तू लिहितोस, की तुमच्या घरचे प्रसादाचे रोट भाऊबंदच खातात, शेजाऱ्यांना देत नाहीत. ही मनाई कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते?"

दोन्ही शेरे निबंधातल्याच तपशिलाकडे बोट दाखवतात, मुलांनी स्वतः लिहिलेल्या आणि न वापरलेल्या. चांगल्या शेऱ्याची माझी एक कसोटी आहे: तो दुसऱ्याच्या पेपरावर चिकटवून पाहा. तिथेही शोभला, तर तो शेरा नाही, तक्त्याची नक्कल आहे. "छान", "अजून खोलात जा", आणि समासातलं ते एकटं लाल प्रश्नचिन्ह, सगळी या कसोटीवर नापास.

उलटी चूकही होते. तक्त्यात नसलेला निकष शेऱ्यातून घुसतो: "अक्षर गिचमिड, 1 गुण वजा." अक्षराचे गुण हवे होते तर आधी सांगायचे. शेऱ्यात आकडा आला की मी तो खोडतो.

आणि गुण व शेरा एकत्र देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. ती इस्रायलमधली शाळकरी मुलं होती, कॉलेजची नव्हेत, हे खरं. पण माझ्या वर्गात पेपर हाती पडला की डोळे कुठे जातात ते मी रोज बघतो. म्हणून पहिल्या मसुद्यावर फक्त दोन शेरे, पेन्सिलीने. गुण अंतिम निबंधावर, फक्त तक्त्यातून, शेरा नाही. 60 मुलांना माणशी पाच मिनिटं धरली तरी पाच तास लागतात. दोन्ही वेळा सविस्तर लिहायला लागलो तर माणूस तिसऱ्या गठ्ठ्यापासून "छान" लिहू लागतो.

मसुदा परत दिल्यावर ती मुलगी दारात थांबली. "सर, मन्हं काय चुकनं?" मी म्हटलं, चुकलं काही नाही, आजी का ओरडली ते लिही. अंतिम निबंधात तिने लिहिलं: "दुकानात तो 30 रुपयांचा नारळ होता. आमच्या घरात सगळ्यांनी मिळून त्याला कानबाई म्हटलं, तेव्हापासून त्याला पाय लावायचा नाही हा नियम झाला. सोमवारी नदीत सोडल्यावर आजीनेच मला दुसरा नारळ फोडायला दिला." त्याखाली तिने हेही लिहिलं, की गावकरी कानबाईला जागृत मानतात आणि तीही मानते. 8 पैकी 7 दिले. आठवा दिला नाही, कारण दर्खाइमचा भेद कुठे अपुरा पडतो ते तिने पाहिलं नव्हतं, आणि तक्त्यात ते आधीपासून लिहिलेलं होतं.