ताईनेच आणली, ताईनेही आणली

‘ताईने काल मंडईतून भाजी आणली.’ पुण्यातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असं हे साधं वाक्य आहे. त्यात ‘च’ हा एकच निपात, म्हणजे वाक्याच्या अर्थाला छटा देणारा छोटा शब्द, घाला आणि तो एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर सरकवत न्या. ‘ताईनेच आणली’ म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. ‘मंडईतूनच आणली’ म्हणजे कोपऱ्यावरच्या गाडीवरून नाही. ‘भाजीच आणली’ म्हणजे फळं राहिली. ‘आणलीच’ म्हटलं की वाटतं, कोणीतरी नको म्हणत होतं आणि तरीही ताईने ऐकलं नाही. घडलेली गोष्ट तीच, पण प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या मनात वेगळं, न बोललेलं वाक्य उभं राहतं.

‘कालच’चं मात्र वेगळं आहे. ‘कालच भाजी आणली, आज परत कशाला?’ यात ‘इतर दिवशी नाही’ असा अर्थ नसतो. ‘फार वेळ झालेला नाही’ असा असतो. कालवाचक शब्दावर ‘च’ पुष्कळदा जवळीक दाखवतो: आत्ताच, नुकताच. संख्येवर तो कमीपणा दाखवतो: ‘दोनच जुड्या मिळाल्या.’ म्हणून ‘च म्हणजे जोर’ एवढंच सांगून भागत नाही. जोर कशाच्या विरुद्ध आहे, ते पाहावं लागतं.

हे न बोललेलं वाक्य ओळखायची एक चांगली युक्ती आहे: विधानाचा प्रश्न करायचा आणि काय टिकतं ते बघायचं. ‘ताईनेच भाजी आणली का?’ असं विचारलं, तर भाजी कोणीतरी आणली आहे हे विचारणाऱ्याने धरलेलं आहे. शंका आहे ती ‘फक्त ताईने का?’ एवढ्याचीच. उत्तर ‘नाही, दादाने आणली’ असं येऊ शकतं. आता ‘ताईनेही भाजी आणली का?’ असं विचारा. इथे आणखी कोणीतरी भाजी आणली आहे, हे धरूनच प्रश्न सुरू होतो. उत्तर ‘नाही’ आलं, तरी त्या दुसऱ्या माणसाची भाजी घरात असतेच. म्हणजे ‘ही’ने आणलेला जादा अर्थ प्रश्नातून सुखरूप बाहेर पडतो, ‘च’ने आणलेला ‘दुसऱ्या कोणी नाही’ हा अर्थ मात्र प्रश्नाच्याच तोंडी सापडतो. दोन्ही निपात इतरांचा विचार करायला लावतात: ‘च’ त्यांना बाहेर ठेवतो, ‘ही’ त्यांना आत घेतो.

नकारात हा फरक आणखी ठळक होतो. ‘ताई आलीच नाही’ म्हणजे मुळीच आली नाही. ‘ताईच आली नाही’ म्हणजे बाकीचे आले, जिची वाट पाहत होतो तीच राहिली. ‘ताईही आली नाही’ म्हटलं की इतर कोणीतरी आधीच गैरहजर आहे.

लिहिताना ‘ही’ जपून लिहावा लागतो, कारण ‘ही’ हे सर्वनामही आहे. ‘मेथीही ताजी आहे’ म्हणजे आणखी एखादी भाजी ताजी आहे. ‘मेथी ही ताजी आहे’ यात ‘ही’ तोडून लिहिला की तो सर्वनाम म्हणून वाचला जातो आणि ‘सुद्धा’चा अर्थ जातो. निपात असेल तेव्हा तो शब्दाला जोडूनच लिहायचा. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असेल, तर ‘च’ आणि ‘ही’ त्यांच्या नंतर येतात: ताईसाठीच, मंडईतूनही. ‘ताईचसाठी’ असं कोणी म्हणत नाही.

‘तर’चं काम वेगळं. ‘भाजी तर आणली’ म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो, कारण ‘पण दूध?’ हे पुढचं वाक्य अजून यायचं असतं. ‘तर’ आधीच्या गोष्टीला बाजूला काढतो आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल प्रश्न उघडा ठेवतो. तोच शब्द क्रियापदानंतर गेला की ‘भाजी आणली तर करीन’ अशी अट होते.

‘बरे’, म्हणजे बोलण्यातलं ‘बरं’, भाजीकडे बघतच नाही, ते ऐकणाऱ्याकडे बघतं. ‘भाजी आण बरं’ यात आज्ञेला आर्जव किंवा तगादा चिकटतो. कोणता, ते सुरावर ठरतं. ‘कोणी आणली बरं?’ हा प्रश्न निम्मा स्वतःलाच असतो. ‘ताईने आणली बरं का’ म्हणजे लक्षात ठेव. यातल्या कशानेही भाजी कोणी आणली, कुठून आणली, यात फरक पडत नाही.

निपात एकत्रही येतात, पण क्रम पाळून. ‘ताईनेच तर आणली!’ यात ‘च’ने ताईला वेगळं काढलं आणि ‘तर’ने ‘हे तुला ठाऊक आहे, मग विचारतोस काय?’ असं सुचवलं. क्रम उलटा करून ‘तरच’ म्हटलं, की ‘ताईने आणली तरच करीन’: अटीवर ‘च’ बसला, आणि आणली नाही तर स्वयंपाक होणार नाही.